तो 'हाव' कुणाचा?

लातूरजवळच्या मुरुडमधल्या अभ्यासिकेचं काम चार महिने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जोरात चाललं होतं आणि जागेवर ठप्प होतं. गावातल्या एका आडत्याने आपलं रिकामं गोदाम मुलींना अभ्यासासाठी दिलं होतं. आम्ही अकरा जणं त्यासाठी धडपडत होतो, म्हणजे मेसेज टाकत होतो. मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे लिहिण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. बैठकीत कुणालाही काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ग्रुपवर टाकलंय की. बारभाईची खेती, काय लागेल हाती! मला अशा वेळी राग लपवता येत नाही.

अशाच एका बैठकीला पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली होती. घरी एका खोलीत सहा माणसं, त्यात तिची पुस्तकं. वडिलांनी हे शेवटचं वर्ष दिलं होतं, नाही तर सोयरीक. लेखी परीक्षा दोन महिन्यांवर होती. दार कधी उघडेल एवढंच तिने विचारलं आणि आम्हा अकरा शहाण्यांना ते सांगता येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी काय कबूल केलंय त्याची यादी रविवारपर्यंत देते, असं मी तिथेच बोलून बसले.

घरी येऊन अख्खं चॅट एक्स्पोर्ट केलं. आधी सुप्रभात, फुलं आणि वाढदिवस गाळले. मग रकाने आखले: काम, कोण, कधीपर्यंत, मूळ मेसेजची तारीख. ज्याने स्वतः होकार दिला त्याच्याच नावावर काम टाकायचं, "कुणीतरी बघा" असेल तिथे नाव कोरं ठेवायचं. "बघू" म्हणजे होकार नव्हे, हे मी माहेरीच शिकले होते. "करून राहिलो" म्हणजे चालू आहे, झालं नाही. "उद्या" मेसेजच्या तारखेवरून मोजला. खरा छळ "परवा"ने केला. एकाने नुसतं "परवा टेबलं" लिहिलं होतं. आणली की आणणार? शेवटी फोन करून विचारलं. आणणार होते म्हणे.

तेवीस कामं निघाली. सगळ्यात मोठं भिजत घोंगडं विजेच्या मीटरचं, कारण गोदामाचं जुनं मीटर केव्हाच काढून नेलेलं. अध्यक्ष असलेल्या गुरुजींनी विचारलं होतं, "या आठवड्यात मीटरच्या अर्जाचं बघता का?" त्याच्या लगेच खाली वायरमनचा "हाव", म्हणजे आमच्याकडचा "हो". मी काम त्यांच्या नावावर टाकलं, पुढे लाल अक्षरात "मुदत उलटली" असं लिहिलं आणि यादी ग्रुपवर सोडली.

दहा मिनिटांत वायरमनचा फोन आला. शांत माणूस, पण आवाज दुखावलेला होता.

"ताई, तो हाव पंख्याचा हाय, मीटरचा न्हाई. जागामालकाच्या सहीबिगर मी अर्ज कसा करू?"

मी मोबाइलवर मूळ गप्पा उघडल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. "पंखे बसवून द्याल का?" या माझ्याच मेसेजला त्यांनी उत्तर दिलं होतं. मोबाइलवर उत्तराच्या डोक्यावर मूळ प्रश्न दिसतो, एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये तो गळून जातो. उरतो नुसता "हाव", जो वर असेल त्याला चिकटलेला. गुरुजींच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. आणि माझ्या यादीमुळे उरलेले दहा जण आता निर्धास्त झोपले असते.

त्या "हाव"च्या खालीच, ग्रुपवर असलेल्या त्या भरतीवाल्या मुलीचा मेसेज होता. "संध्याकाळी लाइट राहील का?" यात कुणाचं काम नाही म्हणून मी तो गाळला होता. सगळ्यांत खरं काम तेच होतं. स्वतःची चीड आली.

वायरमनची माफी मी ग्रुपवर, सगळ्यांदेखत मागितली. मग यादीतला प्रत्येक होकार मोबाइलवर मूळ प्रश्नाशी ताडून पाहिला. आणखी दोन कामं चुकीच्या माणसांच्या गळ्यात पडली होती. मीटरपुढे माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुरुडची बस धरली. आडत्याची सही तर पाच मिनिटांत मिळाली. "मला कुणी मागितलीच न्हाई," ते म्हणाले. विजेच्या ऑफिसात मात्र चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेनंतर यादीत तारीख लिहीत गेले, म्हणजे मलाही "बघू" म्हणायची सोय राहू नये.

तीन आठवड्यांनी मीटर बसलं. वायरमननी पंखे फिरवून दाखवले. मी गोदामात उभी राहून त्या मुलीचा लाइटचा जुना मेसेज शोधला, उत्तर द्यायला त्यावरच बोट सरकवलं, तिचा प्रश्न वर नीट दिसतोय याची खात्री केली आणि खाली एकच शब्द लिहिला.

हाव.