ठोक्याआधीचं पाऊल

माझ्या विद्यार्थिनीच्या मामाने तिच्या कथकच्या कार्यक्रमाची चित्रफीत मला दाखवली, तेव्हा ततकार सुरू होताच तिचे पाय गायब झाले. पायांचंच काम चालू आणि पडद्यावर नथ, मग हसू, मग तबलजीची बोटं, मग परत नथ.

"थांबवा," मी म्हटलं. "पाय कुठायत?"

"हायत ना मॅडम, मागच्या कॅमेऱ्यात. पन चेहरा भारी आलाय."

मामाचा विचुंब्याला स्टुडिओ आहे, स्वतःच्याच इमारतीत तळमजल्याला. हळदी आणि लग्नं करतो. पनवेलच्या नाट्यगृहात त्याने दोन कॅमेरे लावले होते. एक पुढे, माणसाच्या हातात. दुसरा शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर स्थिर. भाचीला शिष्यवृत्तीसाठी ही चित्रफीत पाठवायची होती. अट स्पष्ट होती: पदन्यासात डोक्यापासून पावलापर्यंत नर्तकी दिसली पाहिजे. संध्याकाळपर्यंत पाठवली नाही, तर वर्ष गेलं.

मुलगी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. चार दिवस ती क्लासला आली नव्हती. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतोय.

"तिहाईच्या मधोमध कट मारलाय तुम्ही," मी मामाला म्हटलं. "एकच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचं पाऊल समेवर पडतं. पडू तर द्या. ती थांबली की मग कापा हवं तिथे."

"मॅडम, तुमी नाच शिकवा. कापायचं मला शिकवू नका."

"अभिनयाच्या जागी चेहरा दाखवा, माझी ना नाही. पाय चालू असताना मागचाच कॅमेरा पाहिजे."

"लोक झोपतील."

"परीक्षक झोपत नाहीत."

तेव्हा तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला. "ऐकायचंच हाय ना? मग ऐका. मी झाकलंय ते. तुमची पोरगी चुकलेय. ठोक्याच्या आधी पाय आपटते. बँडवाल्यांबरोबर जन्म गेला माझा, मला कळतं. हिला पन सांगितलं मी."

म्हणजे चार दिवस पाय नव्हे, हे दुखत होतं. मी वळून पाहिलं. ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"लाव," मी म्हटलं. अहोजाहो तिथेच संपलं.

मागच्या कॅमेऱ्याचं चित्र लागलं. खरंच, पाऊल पडत होतं आणि मग तबला वाजत होता. किंचितच, पण द्रुत लयीत किंचितही डोळ्यात भरतं. मी नकळत वळून तिच्या पायांकडे पाहिलं. मामा हाताची घडी घालून बसला.

"परत लाव." या वेळी मी डोळे मिटले. तबला आणि घुंगरू एकत्र वाजत होते. समेवर एकच ठोका, फट नाही. घुंगरू तिच्याच पायात होते. पाय आधी पडला असता तर तेही आधी वाजले असते.

"पाय बरोबर आहे. चित्र पुढे पळतंय."

"नाय हो. आवाजाला आवाज जुळवलाय मी."

"कुठला आवाज?"

"कॅमेऱ्यातला. त्यावर साउंडवाल्याचा चढवला."

"कॅमेरा कुठे होता? शेवटच्या रांगेच्या मागे. तिथे बसून बघ कधी नाच. पाय आधी दिसतो, आवाज मागून पोचतो. त्या उशिराच्या आवाजावर तू साउंडवाल्याचा रंगमंचाजवळचा आवाज बसवलास. तेवढं चित्र मागे घे."

"माझ्या एकाही हळदीत कुनी तक्रार केली नाय."

"हळदीत पायाकडे कोण बघतं?"

तो लाल झाला. क्षणभर वाटलं, मशीनच बंद करेल. पण माउस त्याच्याच हातात होता आणि भाची त्याचीच होती. त्याने चित्र दोन-तीन फ्रेम मागे सरकवलं आणि तिहाई लावली. पाऊल, घुंगरू, तबला: तिन्ही एकदम.

मागून मुलीचा आवाज आला.

"मामा, तू आईलापण सांगितलंस मी चुकले म्हणून."

"तसंच दिसत व्हतं गं."

"कान होते ना तुला."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, तुम्हीपण आधी घाबरलात. मी बघितलं."

मी नाकारलं नाही. नाकारण्यासारखं नव्हतंच. तिने खुर्ची ओढून मामाच्या शेजारी आणली. "आता मी सांगते तिथेच कापायचं. ततकारात एकही नाही."

त्याने तोंड वाकडं करून कापलं. मधे एकदा सवयीने त्याचा हात नथेकडे गेला. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. चित्रफीत वेळेत गेली. मामाने मला चहाही विचारला नाही, आणि मुलगी मला सोडायला दारापर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला मात्र सगळ्यांच्या आधी आली, घुंगरू बांधले आणि माझ्याकडे न बघता ततकार सुरू केला.