साठ अंशांचा कोन

माझी आतेबहीण अकरावी सायन्ससाठी वाशीला आमच्या घरी राहायला आली, तेव्हा मी तिला माझ्या कपाटातला एक खण स्वतःहून मोकळा करून दिला होता. ती गुहागरकडच्या मराठी शाळेतली, मी इंग्रजी माध्यमातली. मी तिला सांभाळून घ्यायचं, असं बाबांनी मला बजावलं होतं.

महिनाभरात उलटंच झालं. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. कॉलेजात आम्हाला फेकलेल्या वस्तूच्या गतीची गणितं सुरू झाली. चेंडू तिरका फेकला की त्याच्या वेगाचे दोन भाग करायचे. आडवा भाग तसाच राहतो, उभा भाग गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला कमी होत जातो. मला प्रत्येक गणिताला हे दोन भाग वेगवेगळे लिहून काढावे लागायचे. ती सरळ सूत्रात आकडे घालायची आणि माझं पान अर्धं होईस्तोवर चहा ठेवायला उठायची.

बाबा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांना स्वतःला पदवी घेता आली नव्हती. रविवारी सकाळी ते खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसायचे. माझ्या बाजूलाही जागा असायची.

"काय झटपट करते बघ," ते आईला हाक मारून सांगायचे. मला म्हणायचे, "तू एवढं लांबण का लावतेस गं?"

मला तिची वेणी, तिचं 'मामा, मामा' करणं, तिचं खाली मान घालून हसणं, काहीच सहन होईना.

एकदा सरांनी दहा गणितं घरी दिली. शेवटचं असं होतं: चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने फेकला, तो ३४.६ मीटरवर पडला. मधोमध आठ मीटर उंच भिंत आहे, तिच्यावरून तो गेला. तर कोन किती? गुरुत्व त्वरण दहा धरा.

तिने पल्ल्याचं सूत्र लावलं, तीस अंश लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

मी माझ्या पद्धतीने बसले. तीस अंशाला उभा वेग दहा. वर जायला एक सेकंद, म्हणजे चढला फक्त पाच मीटर. चेंडू भिंतीवरच आपटणार! मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग कोन वाढवला. पंचेचाळीसला तो चाळीस मीटरवर जात होता, फार लांब. साठला उभा वेग १७.३, चढ पंधरा मीटर, हवेत ३.४६ सेकंद. आडवा वेग दहा. दोन्हींचा गुणाकार बरोबर ३४.६! अंतर तेच, आणि भिंत खाली राहिली.

मी घरी अवाक्षर काढलं नाही. मला ते वर्गात, सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिलाच फळ्यावर बोलावलं. तिने तीस लिहिलं तसा मी हात वर केला. "सर, तो भिंतीला लागेल," मी म्हटलं आणि फळ्याशी जाऊन सगळं मांडलं. सर म्हणाले, "शाब्बास. एका अंतराला दोन कोन येतात. भिंत त्यातला एक खोडते."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती रडवेली झाली असेल, असं मला वाटलं होतं. ती फळ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. "अय्या, खरंच की!" ती म्हणाली. "मी भिंतीचं वाचलंच नाही."

संध्याकाळी बाबा बसमधून उतरून आले, चपला काढतायत तोच तिने सुरुवात केली. "मामा, आज हिने काय केलं माहितीय? माझं चुकलेलं हिने सरांना दाखवलं! सगळा वर्ग बघत राहिला."

बाबांनी मला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. मी कागदावर चेंडूच्या दोन्ही वाटा काढल्या, बुटकी आणि उंच. मला फार आनंद झाला होता. बाबांनी कागद हातात घेतला, ड्रॉइंग तपासतात तसा दूर धरून पाहिला, आणि तिला विचारलं, "बरोबर आहे ना गं हे?"

"अगदी बरोबर, मामा."

"मन मोठं आहे पोरीचं," ते आईला म्हणाले. "स्वतःची चूक कशी हसत सांगते."

मी उठून गॅलरीत गेले. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळत होती. खाडीकडून खारट वारा येत होता. ती मागोमाग आली आणि म्हणाली, "ती तुझी पद्धत मला शिकव ना."

मी तिला शिकवली. दोन वेळा समजावून सांगितली, एकदाही चिडले नाही. त्याच आठवड्यात ती त्या पद्धतीनेही माझ्यापेक्षा झटपट गणितं सोडवायला लागली.