पोटॅशियमची ओळ

सौंसरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती आली तेव्हा तिला शिरेतून रक्त काढायलाही भीती वाटे. मोहगावची पोर. तिला मीच शिकवलं. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेक्नॉलॉजिस्टची जागा निघाली आणि आम्ही दोघींनी अर्ज करायचं ठरवलं. अर्जासोबत कामाचा सारांश मागितला होता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं मोबाईल पुढे केला. "ताई, पाहून देता का? मी दोन दिवसांपासून लिहून राहिली."

आधी तिनं मशिनं लिहिली होती: सेल काउंटर, इलेक्ट्रोलाइट अ‍ॅनालायझर, सेमी-ऑटो बायोकेमिस्ट्री. फुल-ऑटो आमच्याकडे नव्हतं आणि तिनं ते लिहिलंही नव्हतं. पुढे होतं की रुग्णांच्या नमुन्यांआधी ती रोज कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, मशीनवर लावते, तो मर्यादेबाहेर गेला तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट सोडत नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावत नाही, सुई थेट पांढऱ्या कडक डब्यात टाकते.

वाचताना माझा जीव जळत होता. यातली एकेक सवय तिला मी लावली होती.

शेवटी पोटॅशियमची ओळ होती. एका म्हाताऱ्या बाईचं पोटॅशियम खूप वाढलेलं आलं होतं. रिपोर्टवर सही व्हायच्या आत हिनं ट्यूब उजेडात धरली. एरवी पिवळसर असणारं सीरम गुलाबी दिसत होतं, म्हणजे रक्त काढतानाच लाल पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं होतं. तिनं नवा नमुना मागवला आणि पोटॅशियम नॉर्मल आलं. तेव्हा मी शेजारीच उभी होते. पण ते हिच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

"हे ठेवू का, ताई? एवढं तं सगळेच करतात."

काढून टाक, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"ठेव," मी म्हणाले. "तेच तुझं खरं काम आहे."

घरी जाऊन मी माझा सारांश चार ओळींत उरकला. सर्व मशिनं हाताळली, काम अचूक, सुरक्षेची काळजी घेते. इतक्या वर्षांच्या कामाला आणखी काय सांगायची गरज, असा माझा तोरा होता. मुलाखतीचं बोलावणं फक्त तिला आलं. नोकरीही तिलाच मिळाली. तिनं पेढे आणले, मी एक खाल्ला आणि उरलेले फ्रीजमध्ये ठेवून दिले.

तिथून ती फोन करते. फुल-ऑटो मशीनवर आता एकटी काम करून राहिली म्हणते. मी छान म्हणते आणि कामाचं निमित्त काढून फोन ठेवते.

मागच्या महिन्यात तिथे आणखी एक जागा निघाल्याचं तिनंच कळवलं. तिचा सारांश नमुना म्हणून पाठवू का, असंही विचारलं. मी नको म्हणाले. मग पांढुर्ण्याला माहेरी गेले असताना अंगणात बसून माझा मी लिहिला. मशिनं नावानिशी लिहिली, कंट्रोल बाहेर गेला तेव्हा मी काय केलं तेही लिहिलं. या वेळी बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे.

ती म्हणाली, बसस्टँडवर घ्यायला येते. मला ते आवडलं नाही, पण हो म्हटलं.