ठाणेदाराचा शेवटचा ठोकळा

काका वारले त्याच्या नवव्या दिवशी, दुपारी दीड वाजता, आम्ही दोघा चुलतभावांनी ठाणेदाराला मारायला घेतलं.

ठाणेदार म्हणजे टीव्ही गेममधला शेवटचा राक्षस. पडद्याच्या उजव्या टोकाला लोखंडी चिलखत घालून उभा असायचा आणि कोणालाच पुढे जाऊ द्यायचा नाही, म्हणून काकांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. काका टीव्ही मेकॅनिक. फुलचूरच्या त्यांच्या घरात मागची खोली दुरुस्तीची होती. गिऱ्हाईक नसलं की ते आणि माझा चुलतभाऊ सुमित तिथे गेम खेळायचे. दोन वर्षं खेळले. ठाणेदारापर्यंत पोचले, त्याच्यापुढे कधीच गेले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने सुमित मामाबरोबर दुर्गला जाणार होता, कायमचा. मामाने आधीच सांगून टाकलं होतं, "वहां पढ़ाई होगी. खेल-वेल यहीं छोड़." सुमित चौदा वर्षांचा होता. बाप गेल्यापासून तो मोजून दोन वाक्यं बोलला होता. तिसरं मला उद्देशून होतं.

"दादा, ठाणेदार मारून जाऊ. बाबाचा राहिला आहे."

मी अर्जुनी मोरगावहून आलेला, त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा. सांत्वन कसं करतात ते मला येत नव्हतं. म्हणून हो म्हणालो.

अडचणी दोन होत्या. तीन वाजता लोडशेडिंग सुरू व्हायचं, आणि त्या मशीनला आठवण नावाची गोष्ट नव्हती. बटण बंद झालं की पुन्हा पहिल्या पायरीपासून, म्हणजे सव्वा तास! दुसरी अडचण जास्त मोठी होती. समोरच्या खोलीत भेटायला आलेली माणसं सतरंजीवर बसलेली, आणि सुतकाच्या घरात टीव्हीचा आवाज म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात नाव निघालं असतं. आम्ही आवाज शून्यावर आणला. टीव्हीची पाठ दाराकडे होती (काका मागूनच तर उघडायचे), त्यामुळे दारातून पडदा दिसत नव्हता, आणि पडद्यासमोर जमिनीवर बसलेला सुमितही दिसत नव्हता.

पावणेतीनला सुमित ठाणेदारासमोर उभा राहिला. जीव एकच उरला होता.

मी काकांची वही उघडली. बिघडलेल्या टीव्हींची ती वही. शेवटच्या पानावर ठाणेदार होता, त्याच शिस्तीत लिहिलेला: लक्षण आणि उपाय. तीन गोळे सोडतो: खाली, खाली, वर. खालच्यावरून उडी, वरचा आला की बसणे. मग तो स्वतः उडी मारतो. तो जमीन सोडतो तेव्हा आपण जिथे असू, नेमका तिथेच येऊन पडतो. म्हणून त्याचे पाय उचलेपर्यंत हलायचं नाही, उचलले की त्याच्या खालून पळायचं. तो आदळताना आपण हवेत पाहिजे, नाहीतर हादऱ्याने गोठतो. आदळल्यावर तो क्षणभर वाकतो. तेवढ्यात डोक्यावर एक वार. चिलखतावर कितीही मारा, काही होत नाही. वार बसला की तो लुकलुकतो, आणि लुकलुकताना दुसरा वार लागत नाही. म्हणजे एका फेरीत एकच. त्याच्या ताकदीचे ठोकळे बारा. फेऱ्या बारा.

"पाय उचलले!" मी कुजबुजलो.

"दिसते मले. तू कायले ओरडून राहिला?"

सहा फेऱ्यांत सहा ठोकळे गेले. ठाणेदार लाल झाला. इथेच काका दरवेळी मरायचे. लाल झाल्यावर तो गोळ्यांचा क्रम बदलत राहतो आणि अंगातून ठिणग्याही उडवतो. त्या जुन्या मशीनला एका आडव्या ओळीत ठरावीकच चित्रं दाखवता येतात; जास्त झाली की ती आळीपाळीने गायब होतात. ठिणग्यांच्या गर्दीत गोळा दिसायचा तो नाकाशी आल्यावर! वहीत शेवटची ओळ होती: "लाल झाल्यावर डोळ्याने खेळू नये. आवाज ऐकणे. टुक म्हणजे खाली, टिंग म्हणजे वर."

आवाज! आणि आम्ही तो शून्यावर ठेवलेला.

"आता?" सुमितने विचारलं. ठाणेदार थांबत नव्हता.

मी आवाज केसभर वाढवला, टीव्हीखालच्या स्टुलाला टेकलो आणि टीव्हीच्या बाजूच्या स्पीकरला कान लावला. दारातून मी टीव्हीला मिठी मारल्यासारखा दिसत असणार. डोळे मिटले. खालून हात सुमितच्या पाठीवर. टुक ऐकू आलं की एक थाप, टिंग आलं की दोन. पहिली फेरी पार पडली. दुसरीही. काकांना दोन वर्षांत जमलं नव्हतं ते आम्हाला जमून राहिलं होतं.

तेवढ्यात दारातून शेजारच्या शेवंताआजींचा आवाज आला.

"अवं बाई! हा पोरगा पाहा, काकाच्या टीव्हीले बिलगून रडून राहिला!"

मी हललो नाही. हललो असतो तर टिंग चुकलं असतं.

आजी आत आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी आल्या. कोणीतरी हुंदका दिला. "किती जीव होता गा काकावर!" मी डोळे मिटून होतो आणि एका हाताने, कोणाला दिसणार नाही अशा, सुमितच्या पाठीवर थापा देत होतो. एक. दोन. एक. चार ठोकळे राहिले. तीन. शेवंताआजी माझं डोकं टीव्हीपासून सोडवू लागल्या.

"सोड बेटा. सोड आता."

"थांबा जी आजी, थोडंसंच राहिलं," मी म्हणालो.

ते ऐकून तर तिघी मोठ्यानेच रडू लागल्या!

दोन ठोकळे. एक.

आणि मला काकूंची पावलं ऐकू आली. त्या नऊ दिवसांत काकू त्या खोलीत आल्या नव्हत्या. त्या आल्या आणि सरळ टीव्हीला वळसा घालून पडद्याकडे निघाल्या. नवरा जाऊन नऊ दिवस झालेल्या बाईला दिसणार काय, तर तिचा मुलगा गेम खेळतोय आणि पुतण्या त्याला मदत करतोय! ठाणेदाराने उडी मारली होती. सुमित त्याच्या खालून पळत होता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त काकूंचा चेहरा होता.

मी बोर्डातून टीव्ही आणि मशीन, दोन्हींची पिन उपटली.

पडदा काळा झाला. सुमितचा अंगठा अजून बटणावर होता.

काकू त्याच्याजवळ खाली बसल्या. हलक्या आवाजात विचारलं, "मेला का रे तो?"

सुमितने मान हलवून नाही म्हटलं.

"किती राहिला होता?"

"एक."

काकूंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. "जेवताना हे दररोज सांगत जायचे," त्या म्हणाल्या. "आज सहा गेले, आज सात गेले. तुम्ही इथे शिरलात तेव्हाच समजलं मला. म्हणून बायांना दीड तास समोरच गुंतवून ठेवलं. या आजीच सुटल्या हातून." मग माझ्याकडे वळून, "आणि तू कायले बंद केला बापा?"

माझ्या हातात पिन होती. मी ती पुन्हा बोर्डात घालायला गेलो, तर खोलीतला पंखा हळू होत थांबला. तीन वाजले होते.

संध्याकाळी सुमित गाडीत चढला तेव्हा मी त्याची पिशवी उचलून दिली. त्याने खिडकीतून मला एकच गोष्ट सांगितली.

"दादा, तू थापा बरोबर दिल्या."

आता मी वर्तमानपत्रात आहे. नावं, वेळा, आकडे तपासणं हे माझं काम, म्हणून हेही तपासून लिहितो. ठाणेदाराशी आमच्या घरातली तीन माणसं लढली. त्यातल्या दोघांनी त्याला मारायचा जिवापाड प्रयत्न केला. त्याचा जीव ज्याने वाचवला, तो तिसरा.