घरचं धर

मालवणात माझं स्कॅनिंगचं दुकान होतं. एक बाई मेलेल्या नवऱ्याची भजनांची वही छापायला घेऊन आली. मी शब्द बदलीन या संशयाने ती पडद्याला डोळे लावून बसली. माझं डोकं फिरलं. वहीच्या फिकट निळ्या ओळी काढायला मी सगळ्या लांब आडव्या रेघाच पुसल्या.

"रे, माझ्या घोवान 'घर' लिवल्यान, तू 'धर' कित्याक केलंस?"

खरंच होतं. त्याने प्रत्येक शिरोरेघ छापील ओळीवरच ओढली होती. ओळीबरोबर तीही गेली आणि माथ्याची रेघ नसलेला 'घ' 'ध' दिसू लागला. मग मी लांबी न बघता फक्त फिकट रंग पुसला. पेनाची गडद शाई राहिली, 'घर' परत आलं.

तरी तिने पानन् पान वहीशी ताडून पाहिलं.

"वहीची रेघ काढ म्हटलंय. तेची नाय."