नोटीस लावणारा, बर्फी आणि इतर फाइली

दादा गेला त्या दिवशी वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं. तेरावा झाल्यावर त्यांनीच ते वर केलं आणि मी काउंटरमागे बसलो.

दुकान कोपर स्टेशनच्या बाहेर आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मी शाळेत ग्रंथपाल होतो. सगळा जन्म पुस्तकांना नंबर देण्यात गेला, त्यामुळे मला वाटलं, हे जमेल.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"माझं आधार आहे तुमच्याकडे. दोन कॉपी द्या."

मी त्यांचं नाव टाकून शोधलं. काही मिळालं नाही. आडनाव टाकलं, तरी नाही. मग मी फोल्डर उघडला आणि दादाची पद्धत मला कळली. गिऱ्हाइकांनी पाठवलेला प्रत्येक कागद तो परत उपयोगी पडेल म्हणून ठेवायचा, आणि त्याला माणसाचं नाव न देता आपलं मत द्यायचा. "सुटे नाहीत म्हणतो." "बाई, मोठा आवाज, मन चांगलं." "जावयावर खूश नाही." "दोनदा लग्न, पॅन एकच."

सेक्रेटरी स्क्रीनवर वाकले होते. "यातला मी कोण?"

आम्ही दोघांनी मिळून शोधायला घेतलं. एकेक फाइल उघडायची, दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा आणि नंबर बघायचा, बंद करायची. विसाव्या मिनिटाला ते "नोटीस लावणारा" या नावाखाली सापडले.

"हे तुमच्या भावानं लिहिलंय?"

"हो."

ते "पण मी लावतोच की नोटीस," असं म्हणून पैसे देऊन गेले.

हे रोजचं झालं. लोक हौसेनं स्वतःला शोधायला येऊ लागले. मिठाईवाल्याची बायको "बर्फी" म्हणून सापडली आणि पाव किलो बर्फी देऊन गेली. दुकान बंद करायच्या आधी मीही मला शोधायचो. माझं आधार दादानंच काढून दिलं होतं, तेव्हा मी त्या फोल्डरमध्ये असणारच. "पुस्तक" टाकून पाहिलं. "मुका" टाकून पाहिलं. "धाकटा", "चष्मा", "घुम्या". दादाचं माझ्याबद्दल काय मत होतं, ते मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

मग एक दिवस एका बाईंनी स्वतःला शोधताना त्यांच्या व्याह्यांचं पॅनकार्ड पाहिलं, ते व्याह्यांना कळलं आणि मोठं भांडण झालं. वहिनी घाबरल्या. त्यांनी ठाकुर्लीच्या एका मुलीला फोन केला. ती ठाण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा बघायची, आता स्वतःचं काम करते. लहानपणी शाळेच्या प्रोजेक्टसाठी चित्रांच्या प्रिंट काढायला दादाकडेच यायची.

तिनं तपासणीचा प्रस्ताव दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि मागोमाग स्वतः आली. वहिनींनी दोन पानं छापून तिच्या हातात दिली.

"सहा रुपये."

"काकू, प्रस्ताव मी तुम्हाला देतेय!"

"कागद आमचाच आहे ना?"

तिनं सहा रुपये दिले. मी प्रस्ताव सावकाश वाचला. काय तपासणार: एक कॉम्प्युटर, वायफायचा राउटर, दुकानाचं व्हॉट्सअॅप, आणि गिऱ्हाइकांचे कागद येतात कुठून, राहतात कुठे. काय तपासणार नाही: गिऱ्हाइकांचे फोन, बँकेची खाती, सोसायटीचा कॅमेरा. ती फक्त बघणार, काही बदलणार किंवा पुसणार नाही, आणि कुणाची फाइल उघडणार नाही. मालकाची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय हात लावणार नाही. फी सहा हजार, निम्मी सहीच्या वेळी, निम्मी अहवाल दिल्यावर. हाती काय मिळणार: मराठीत अहवाल, आधी काय आणि नंतर काय करायचं त्याचं एक पान, तासभर समजावून सांगणं, आणि महिन्यानं फेरतपासणी.

"दुरुस्ती यात नाही?" वहिनी.

"नाही. डॉक्टर तपासतो, औषध तुम्ही घ्यायचं."

"सहा हजारात नुसतं तपासायचं! साडेचार घे आणि वर्षभर लॅमिनेशन फुकट."

"काकू, मी वर्षभर काय लॅमिनेट करू?"

"लग्नाचं वय आहे. सर्टिफिकेट लागेल."

शेवटी पाच हजारांवर ठरलं. वहिनींनी परवानगीपत्रावर सही केली.

गुरुवारी सकाळी ती आली. वायफायचा पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता आणि दुकानाचा कॉम्प्युटर त्याच वायफायवर होता. समोरचा चहावाला, त्याचं गिऱ्हाईक आणि रिक्षा स्टँड, सगळे त्यावर. राउटरचा मुख्य पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. त्याच्या सिस्टीमला अपडेट येणं बंद झालं होतं. ब्राउझरमध्ये कुणा अनोळखी माणसाचा ईमेल उघडाच राहिला होता. ती प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणायची आणि लिहून घ्यायची. तिचं "बरं" ऐकून वहिनींचं ब्लडप्रेशर वाढत होतं.

मग ती त्या फोल्डरकडे आली. किती लोकांचे कागद आहेत याचा अंदाज घ्यायला नावांची यादी बघू लागली आणि थांबली.

"काकू, 'गोड बोलून सहा हजार' म्हणजे कोण?"

वहिनी कागदाची रिमं लावायला लागल्या. दादाची पद्धत घरात मुरली होती.

ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पण हे सगळं काढावं लागेल. अहवालात पहिलं हेच येणार. लोकांनी छापायला दिलं होतं, ठेवायला नाही."

मी म्हणालो, "नावं तेवढी राहू देत."

"काका, 'दोनदा लग्न, पॅन एकच' कोण, ते गल्लीत सगळ्यांना कळेल. तीही माहितीच आहे."

तिचं बरोबर होतं. मी ग्रंथपाल आहे, कुणी काय वाचायला नेलं ते मीही कधी कुणाला सांगितलं नाही. पण मला मी सापडलो नव्हतो. तसं मी तिला सांगितलं. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"फाइली उघडायच्या नाहीत. फक्त नावं वाचा. तुम्हाला कळेल."

मी वाचत गेलो. वहिनी गिऱ्हाईक बघत होत्या. बऱ्याच वेळानं एक नाव आलं: "एकदाच हसला."

आधार केंद्रावर फोटो काढताना दादा त्या ऑपरेटरच्या मागे उभा राहून तोंडं वेडीवाकडी करत होता. ऑपरेटर ओरडला, तोपर्यंत फोटो निघाला होता. मी नंतर दादाला रागावलो होतो. बँकेत सगळे कार्ड बघून माझ्याकडे बघतात, म्हणून.

"हा मी," मी म्हणालो.

"खात्री?"

"खात्री."

"मग ती तुमची स्वतःची आहे. तुम्ही उघडू शकता."

मी ती उघडली, एक प्रिंट काढली आणि मागे पेन्सिलनं फाइलचं नाव लिहिलं. वहिनींनी पाहिलं आणि हात पुढे केला.

"रंगीत आहे, दहा रुपये."

मी दिले.

अहवाल सोमवारी आला, मराठीत, तेरा पानं. एका पानाच्या यादीत पहिली ओळ त्या फोल्डरचीच होती. पुढच्या रविवारी वहिनींनी फोल्डर रिकामा केला, मग कचऱ्याची टोपलीही. महिन्यानं ती मुलगी फेरतपासणीला आली आणि यादीतल्या बहुतेक ओळींवर बरोबरची खूण करून गेली.

आता गिऱ्हाइकाचा कागद छापला की मी त्याची फाइल त्याच्यासमोर पुसतो. भिंतीवर पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड आहे, तो वेगळा आहे. सेक्रेटरी येतात, नवी नोटीस छापतात आणि विचारतात, "पुसलंत ना?" दादाच्या हातचं दुकानात काही राहिलं नाही. माझ्या खिशात एक कागद आहे, त्यात मी हसतो आहे.