मधल्या फ्रेममध्ये आक्रसलेले बाबा

सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर, आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि भागीदार म्हणून माझा एक जुना मित्र. हा माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्याला हळू बोलूनही माणूस पुरेसा सोलता येतो. पोट जाहिरातींवर चालतं. पण दोन वर्षांपासून आम्ही फावल्या वेळात स्वतःची एक छोटी फिल्म करत होतो आणि तिचा जीव एका मुलीच्या हातात होता.

ही मुलगी यवतमाळकडची. आमच्याकडे ती माणसं घडवते, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. फिल्ममधल्या बापाचा चेहरा तिने स्वतःच्या वडिलांवरून केला होता. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिने कपाळावरची आडवी आठी घेतली, एक भुवई जरा खाली घेतली, शर्टाच्या खिशातला चष्मासुद्धा घेतला. आईला हे दाखवायचं, मोठ्या पडद्यावर, चार लोकांत, एवढीच तिची इच्छा. पहिल्या खेळाला आई गावाहून येणार होती.

फिल्मचा कणा एकच शॉट. दवाखान्याच्या लांब पॅसेजमध्ये बाप उभा आहे, डॉक्टर बाहेर येऊन काहीतरी सांगतात, आणि बापाच्या मागचा पॅसेज लांबत जातो. बाप आहे तेवढाच राहतो, जग मात्र त्याच्यापासून दूर सरकतं. यासाठी कॅमेरा माणसाच्या जवळ न्यायचा आणि त्याच वेळी त्याच्या नजरेचा कोन रुंद करत जायचा. जवळ गेल्याने माणूस जेवढा मोठा होईल, तेवढाच रुंद कोनाने लहान व्हायला हवा. हिशेब बरोबर असेल तर बघणारा नकळत खुर्चीचा हात धरतो.

हा शॉट मी स्वतःकडे मागून घेतला. वीस वर्षांचा अनुभव वगैरे. मुलगी म्हणाली होती की ती करेल, पण मी तिला "तू चेहरा सांभाळ" असं थोरपणे सांगितलं.

माझी पद्धत साधी. पहिल्या फ्रेमला कॅमेरा लांब, कोन अरुंद. शेवटच्या फ्रेमला कॅमेरा जवळ, कोन रुंद. मॉनिटरच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारल्या, एक डोक्याला, एक हनुवटीला. दोन्ही टोकांना चेहरा त्या रेघांत चपखल बसला. मधल्या फ्रेम कॉम्प्युटर आपोआप भरतो. दोन टोकं जुळली की मधलं जुळतंच, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय. पॅसेजचा सीन इतका जड होता की आमच्या मशीनवर तो नीट चालायचाच नाही, अडखळायचा. म्हणून मी चालवून बघायच्या भानगडीत न पडता थेट रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रं काढायला, लावला आणि खाली चहाला गेलो.

खेळाच्या दिवशी आईला आणायला स्टेशनवर जाताना मुलगी दारातून वळली.

"सर, मधल्या फ्रेम बघितल्यात ना?"

"बघितल्या की," मी म्हणालो. का म्हणालो? तिची रिक्षा खाली थांबली होती आणि मला बघायचा कंटाळा आला होता. याहून भारदस्त कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

खेळ शनिवार पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. प्रेक्षक सगळे मी गोळा केलेले: मित्र, शेजारी, आमच्या खालचा डेंटिस्ट. पुढच्या रांगेत मुलगी आणि तिची आई, डोक्यावर पदर, पिशवी मांडीवर. बाप पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा आईने पिशवी बाजूला ठेवली. मला ते मागूनही दिसलं आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

मग तो शॉट आला. डॉक्टर बोलले. पॅसेज लांबायला लागला. आणि बाप लहान व्हायला लागला. आधी वाटलं डोळ्यांचा भास. पण तो अर्ध्यापेक्षा थोडा मोठा राहीपर्यंत आक्रसला, आणि तिथून परत फुगत फुगत मूळ आकारावर आला, हवा भरलेल्या फुग्यासारखा. चेहऱ्यावर मरणाचं दुःख तसंच.

डेंटिस्ट आधी हसला. त्याचं हसू मोठं आहे, दवाखान्यात त्याला ते दिवसभर दाबून ठेवावं लागतं. मग सगळी रांग हसली. मीही, सांगायला लाज वाटते, नाकातून एक आवाज काढला. लोकांना वाटलं विनोदच आहे. एकाने शेजाऱ्याला टाळी दिली.

आईने पिशवी उचलून परत मांडीवर घेतली.

बाहेर आल्यावर भागीदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "छान. माणूस कसा लहान होतो ते तू करून दाखवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाच्याही आधी स्टुडिओत पोचलो. चूक सापडायला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. मी अंतर सारख्या वेगाने कमी केलं होतं आणि कोनाचे अंशही सारख्या वेगाने वाढवले होते. पण चेहऱ्याचा आकार अंशांवर सरळ चालत नाही. अंतर गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, हा गुणाकार प्रत्येक फ्रेमला तोच राहावा लागतो. माझ्याकडे तो दोन टोकांना सारखा होता आणि मध्ये सुटला होता. दहावीतलं गणित. कोनाला दोन टोकांना दिलेले आकडे मी पुसले, कॅमेऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर तेवढं हलतं ठेवलं आणि कोन त्या अंतरावरून दर फ्रेमला काढणारं सूत्र बसवलं. या वेळी एकेक फ्रेम पाहिली. बाप हलला नाही.

मुलगी आईला घेऊन आली, दुपारच्या गाडीआधी स्टुडिओ दाखवायला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सर, तुम्ही 'बघितल्या' म्हणाला होतात." आवाज साधाच होता. मी मान हलवली.

मग मी आईंना म्हणालो, "काकू, चूक माझी होती. आता नीट केलंय, एकदा बघा." आणि लॅपटॉप पुढे सरकवला.

त्यांनी पाहिलं. पॅसेज लांबत गेला, नवरा जागच्या जागी उभा राहिला. शॉट संपल्यावर त्यांनी लॅपटॉप अलगद माझ्याकडे वळवला.

"मले कायले दाखवता, भाऊ? ते कसे होते मले माहीत हाये. जे हासले त्यायले दाखवा."

त्या गेल्यावर भागीदाराने माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी लॅपटॉप काखेत मारला आणि जिना उतरलो.

डेंटिस्टच्या खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून पडले होते. मी दारातच म्हणालो, "दोन मिनिटं." तो म्हणाला, "दात दुखतोय का? मग रांगेत बस." मी म्हणालो, "नाही, तू काल ज्याला हसलास ते दाखवायचंय."

त्याने हातमोजे न काढता पाहिलं. हसला नाही. परत लावायला सांगितलं.

"काल हे असं का नव्हतं?"

"मी मधलं बघितलं नव्हतं. आणि बघितलं म्हणून सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तिला. हे तिचे वडील आहेत. खरे. पुढच्या रांगेत तिच्या शेजारी बसली होती ती तिची आई."

त्याने खुर्चीवरचा दिवा बंद केला. मग हातमोजे काढले, म्हणाला, "नंबर दे त्यांचा," आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लावून घेतलं.

खुर्चीतल्या आजोबांनी तोंड मिटलं आणि तेही बघायचं म्हणाले. मी लॅपटॉप त्यांच्या छातीवर धरून उभा राहिलो. शिवाय, दाखवायच्या माझ्या यादीत अजून अख्खा हॉल होता.